वायर काढलेला पंप

फिटरच्या डोक्यात सहा मिलिमीटरची गाठ सापडली. पण ते सोडा. असं काही झालंच नाही असं धरून सोमवारपासून सुरुवात करू.

सोमवारी त्याने नेहमीसारखं स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ डाव्या कानाला लावली. आत बारीक शिट्टी, ईऽऽ. म्हणजे बेअरिंग गेलं. आठवडाभरात त्याने तीन पंपांची बेअरिंगं बदलली. काढलेली तिन्ही ठणठणीत होती. चौथा पंपही तसाच शिट्टी मारत होता.

“खोला हाही,” तो म्हणाला.

“खोलतो की,” वायरमन म्हणाला, “पण त्याची वायर मी सकाळीच काढलीये. बंद आहे तो.”

फिटरने मूठ उजव्या कानाला लावली. चिडीचूप. पुन्हा डाव्या. ईऽऽ.

घरीही शिट्टी त्याच्या मागोमाग आली. त्याने फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. शिट्टी घरच्यासारखी बसून राहिली.

“अहो, फोनवर हूं हूं काय करता? कळतंय का काही?” बायकोने विचारलं.

“डाव्या कानाने आवाज येतो. शब्द येत नाहीत.”

तिने दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. तपासणीच्या कागदावर उजव्या कानाची रेघ सरळ होती, डाव्याची जिन्यावरून पडल्यासारखी.

“दोन्ही कान सारखे उतरले असते, तर मी तुमच्या मशिनांवर खापर फोडलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकच कान उतरला आणि तोच वाजतोय, म्हणून एमआरआय.”

“काय शोधणार?”

“ऐकण्याची आणि तोल सांभाळायची नस हाडातल्या अरुंद बोगद्यातून मेंदूकडे जाते. तिथे क्वचित गाठ होते. बहुतेकांना काही निघत नाही. निघालीच तर ती कॅन्सरची नसते, सावकाश वाढते. पण मेंदूवर दाबायला लागण्याआधी कळलेली बरी.”

स्कॅनच्या खोलीबाहेर तंत्रज्ञाने विचारलं, “ग्राइंडर चालवता? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?”

“चार-पाचदा तरी.”

“मग आधी डोळ्यांचा एक्स-रे. कण आत राहिला असेल तर आमचा चुंबक त्याला हलवेल.”

एक्स-रे स्वच्छ आला. मग तो कानात बोळे घालून नळीत शिरला. मधेच हाताच्या शिरेतून गाठ उजळवणारं औषध दिलं. मशीन धडाधड ठोके देई आणि थांबे. थांबलं की शिट्टी पुढे सरके, जणू आपली पाळी यायची वाट बघत असावी.

“आहे,” डॉक्टरीणबाई पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “बोगद्यातच आहे, लहान आहे. सध्या नुसती नजर ठेवू. सहा महिन्यांनी परत स्कॅन. वाढली तर किरणं किंवा ऑपरेशन.”

“आणि शिट्टी?”

“राहील बहुधा. गेलेलं ऐकणंही परत येत नाही.”

बायको उठली आणि त्याच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसली.

त्या रात्री फिटरने अर्ज लिहिला:

“मा. अधीक्षक, रुग्णालय, यांस. सदर गाठ माझ्या डाव्या बोगद्यात विनापरवाना राहत आहे. तरी तिला पुढील आदेशापर्यंत सहा मिलिमीटरच्या आतच राहण्याची लेखी ताकीद द्यावी व तिची पोच मला मिळावी, ही विनंती.”