शून्याखालची मूठ

फोटोच्या दुकानात त्या दिवशी गर्दी नव्हती. पासपोर्टसाठी आलेला एक गृहस्थ स्टुलावर ताठ बसला होता आणि हसू दाबत होता. फोटोवाली ताई त्याला म्हणाली, "हसू आलं तर आधी हसून घ्या. सरकारला दात चालत नाहीत." तो हसला, मग गंभीर झाला, आणि तिने बटण दाबलं.

तो बाहेर पडताना एक जोडपं आत आलं. दोघंही साठीच्या आसपासची. काकांच्या हातात फोन होता, काकूंच्या हातात पिशवीत गुंडाळलेली एक सीडी.

"ताई, एका फोटोवरची तारीख काढायची आहे," काका म्हणाले. "आमच्या लेकीच्या वाढदिवसाचा आहे. ती आता दुसऱ्या गावी राहायला गेली, तिला तिच्या घरात लावायचाय."

ताईने सीडी संगणकात घातली. फोटो उघडला. टेबलावर केक, मागे दात पडलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, आणि उजव्या कडेला, जेमतेम चौकटीत मावलेला एक दोन वर्षांचा मुलगा. केस कपाळावर, नजर केककडे, एक हात टेबलाच्या कडेवर. दुसरा हात खाली सोडलेला. त्या हातावरूनच, खालच्या कोपऱ्यात, नारिंगी आकडे पळत गेले होते : २००३/०१/०१.

"हा धाकटा," काका म्हणाले. "बटणराव."

"बटणराव?"

"मी ठेवलेलं नाव. हिच्या हिरव्या स्वेटरचं एक बटण तुटलं, ते यानं पकडलं. झोपताना, जेवताना, सदा मुठीत. मागायला गेलं की मूठ पाठीमागे."

काकू हसल्या नाहीत. "तारीख खोटी आहे," त्या म्हणाल्या. "त्या तारखेला तो जन्मलासुद्धा नव्हता. लेकीकडे कुणीही येईल, फोटो बघेल, हिशेब करील, आणि तिला विचारील. तिनं काय सांगायचं?"

ताईने मान हलवली. असं खूपदा होतं. कॅमेऱ्याच्या पोटात एक घड्याळ असतं. मोठे सेल बरेच दिवस काढून ठेवले की ते घड्याळ बंद पडतं, आणि पुन्हा सेल घातले की कारखान्यात ठरवून दिलेल्या पहिल्या तारखेपासून चालू होतं. माणसं घाईत असतात, केकवरच्या मेणबत्त्या वितळत असतात, तारीख कोण लावत बसतो? मग कॅमेरा बिचारा त्याला जे ठाऊक तेच लिहितो.

"दुसरे फोटो नाहीत?"

"संगणकात होते," काका म्हणाले. "त्याची डिस्क गेली. ही सीडी माझ्या बहिणीकडे होती म्हणून एवढा तरी राहिला. दोघं भावंडं एकत्र असलेला हा एकच."

मग त्यांनी थोडं ओशाळून फोन पुढे केला. "मी घरी करून पाहिलं. फोनवर बोट फिरवलं की तो नको ते पुसून देतो."

फोनवरच्या फोटोत आकडे नव्हते. फरशी स्वच्छ होती. आणि मुलाच्या हातात एक लहानसा लाल चेंडू होता.

"हा चेंडू कुणाचा?" काकू म्हणाल्या. त्यांनी हा प्रश्न घरीही विचारला असणार, कारण काकांनी लगेच मान खाली घातली. "आमच्याकडे असा चेंडू कधी नव्हता. दोन दिवस झाले, डोळे मिटले की मला हा चेंडूच दिसतो. ताई, तू ते आकडे हळूच काढ. खालचं खरवडलं जाऊ देऊ नकोस. मला त्याची मूठ बघायची आहे."

ताई काही बोलणार तेवढ्यात दारात दोन माणसं झेरॉक्ससाठी उभी राहिली. "उद्या संध्याकाळी या," ती म्हणाली. सांगायचं राहून गेलं.

तासाभराने काका एकटेच परत आले. हातात कागदी पिशवी. त्यातून त्यांनी हिरवा लोकरीचा स्वेटर काढला आणि काउंटरवर पसरला. मधल्या एका जागी नुसता दोरा होता. बाकीची बटणं जागच्या जागी.

"हिला न सांगता आणलाय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते, बटण गिळेल, काढून घ्या. हिनं काढून कुठंतरी टाकलं. तो दिवसभर मूठ उघडून बघत होता. नंतर ताप आला, आणि त्या तापातून तो उठलाच नाही. बटण घेतलं ते वाढदिवसाच्या आधी की नंतर, ते तिला आठवत नाही. मलाही नाही. इतकी वर्षं ती तेवढंच शोधते आहे. आधी घेतलं असेल, तर तिच्या मते त्या दिवशी तो रिकाम्या हातानं उभा होता. पोराच्या शेवटच्या चांगल्या दिवशी."

"काका..."

"मुठीत एक बटण टाक. असंच. तुला जमतं, मला माहीत आहे. तिला बरं वाटेल."

ताईने स्वेटरवरून हात फिरवला. उरलेली बटणं चार भोकांची होती, कड जराशी उंच. "पाहते," ती म्हणाली. तिच्या मनात नाही म्हणायचं होतं, पण समोरचा माणूस स्वेटरची घडी इतक्या जपून घालत होता की शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला बसली. फोटो मोठा केला. मोठा केला की आकडे आकडे राहत नाहीत, नारिंगी चौकोनांचे ढीग होतात. आणि त्यांचा रंग आकड्याच्या कडेवर थांबत नाही. फोटो साठवताना कॅमेरा त्याचे लहान लहान तुकडे पाडून दाबून बसवतो, त्यात नारिंगी शेजारच्या जागेतही थोडा ओघळतो. म्हणून नुसता आकडा पुसला तर त्याची सावली मागे राहते. ती दर वेळी थोडं रुंद पुसायची.

वर्षाचे आकडे फरशीवर होते. शेजारच्या फरशीचा तुकडा उचलायचा, आकड्यावर ठेवायचा, सांध्याची रेघ रेघेला मिळवायची. मिळाली नाही तर डोळ्याला लगेच टोचते. महिना टेबलाच्या पायावर होता, तोही निघाला. शेवटचा एकचा आकडा मुलाच्या विजारीवर होता, ते निळं कापड सोपं होतं.

उरलं एक शून्य. ते मुठीवर बसलं होतं.

ताईने टेबलावरच्या हाताची कातडी उचलली, उलटी केली, खाली बसवली. बोटं काढली. काका स्वेटर परत नेण्याआधी तिने त्याच्या बटणाचा फोटो काढून घेतला होता, तो लहान केला, फोटोतल्या पिवळट उजेडाइतका पिवळा केला, बोटांच्या मधे ठेवला. थोडा धुरकट केला, कारण आजूबाजूचं सगळंच धुरकट होतं. मग खुर्ची मागे सरकवून पाहिलं. कुणालाही खरं वाटावं असं झालं होतं. तिने वेगळ्या नावाने ते जपून ठेवलं. चहा प्यायला उठली, आणि चहा तसाच गार झाला.

संध्याकाळी दोघं आली. काका दाराशीच रेंगाळले. काकू पडद्यासमोर बसल्या, चष्मा नीट केला, आणि पाहत राहिल्या. मग बोट काचेला न लावता मुठीकडे नेलं.

"होतं," त्या म्हणाल्या. "होतं त्याच्याकडे. म्हणजे मी नंतर घेतलं." त्यांचे खांदे खाली आले. काका दाराकडे तोंड करून उभे होते. मग काकूंनी मान वर केली. "हे आकड्याखालूनच निघालं ना, ताई?"

ताईने काकांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी विनवलं. ताईची नजर तिथून हलली आणि काकूंच्या चष्म्यावर थांबली. काचेत फोटो दिसत होता.

"नाही, काकू," ती म्हणाली. "ते मी ठेवलंय."

काकूंनी बोट मागे घेतलं.

"आकडा चिकटवलेला नसतो," ताई हळू आवाजात म्हणाली. "काल सांगायला हवं होतं. कॅमेरा फोटो साठवतानाच त्या जागी नारिंगी भरतो. तिथं जे होतं ते कॅमेऱ्याने ठेवलेलंच नाही. खाली काही नाही. फोनने चेंडू भरला, मी बटण भरलं. दोन्ही सारखंच."

"बटण ठेवायला तुला सांगितलं कुणी?" काकूंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता त्या नवऱ्याकडे वळल्या. "स्वेटर कपाटात उलटा ठेवलेला मला सकाळीच दिसला. मला वाटलं, तुम्हालाही कधीतरी हातात घ्यावासा वाटत असेल."

काका काउंटरपाशी आले. "तुला झोप लागावी, एवढंच."

"लागली असती," काकू म्हणाल्या. "आज लागली असती. मग रोज हेच बघितलं असतं, आणि त्याची खरी मूठ विसरून गेले असते." त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "मूळचा दाखव. अगदी जवळून."

ताईने मूळचा फोटो उघडला आणि शून्य पडदाभर केलं. नारिंगी कडं, आणि त्याच्या मधे एक लहानशी फिकट जागा.

"हे मधलं बघा. शून्य पोकळ आहे, इथं कॅमेऱ्याने काही लिहिलेलं नाही. थोडा नारिंगी ओघळलाय, पण ही जागा त्याची आहे. हे खरं आहे."

"काय आहे ते?"

"बोट असेल. बटण असेल. रंगावरून सांगता येत नाही, तो बिघडलाय. मी सांगितलं तर खोटं सांगेन."

काकू त्या जागेकडे पुढे वाकून बघत राहिल्या. एवढीशी जागा, बोटाच्या नखाएवढी. काकाही त्यांच्या खुर्चीमागे येऊन वाकले.

"वर्ष निघालं ना?" काकूंनी विचारलं.

"निघालं. महिनाही. ते सगळं फरशी आणि टेबल आहे, तिथं काही बिघडत नाही."

"मग ते काढलेलं ठेव. हे शून्य राहू दे."

"नुसतं शून्य?" काका म्हणाले. "अगं, लेक विचारील. लोक विचारतील, मुलाच्या हातावर हे नारिंगी काय आहे म्हणून."

काकूंनी चष्मा काढून पुसला. पुसायला बराच वेळ लागला.

"सांगावं," त्या म्हणाल्या, "त्याच्या मुठीत काहीतरी आहे. काय, ते तो दाखवत नाही."

ताईने मूळ फोटोतली मूठ जशीच्या तशी उचलून पुसलेल्या फोटोवर बसवली. बटण घातलेला फोटो तिने पुसून टाकला, आणि काकूंना दिसेल असाच पुसला. मग प्रिंट लावली. कागद यंत्रातून हळूहळू बाहेर येऊ लागला : आधी मुलीचे केस, मग केक, मग त्याचं कपाळ. मूठ अगदी शेवटी आली. काकांनी कागद कडेने धरला, शाई ओली असावी अशा बेताने, आणि काकूंपुढे केला.