चांदीचे खिळे

सकाळचं ऊन त्या कार्यालयात थेट कधी येत नसे. समोरच्या इमारतीच्या काचांवर आधी आपटून, थोडं वाकडं होऊन, मग ते पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरायचं आणि फायलींच्या कपाटावर बराच वेळ नुसतं बसून राहायचं, काम नसलेल्या पाहुण्यासारखं. तिथून ते हळूहळू खाली उतरे. लाखेची कांडी, शिक्के, अर्धवट प्यालेला चहा या सर्वांना समान ममतेने स्पर्श करी आणि साडेदहाच्या सुमारास तपासणीच्या लांब टेबलावर येऊन पसरे. त्या उजेडात धूळसुद्धा प्राचीन वाटे. जुन्या वस्तूंचं वय ठरवणाऱ्या तज्ज्ञाला हा उजेड फार आवडायचा, कारण त्यात कुठलीही वस्तू आहे त्यापेक्षा निदान दोनशे वर्षांनी म्हातारी दिसायची.

दुर्दैवाने या कार्यालयात येणाऱ्या लोकांना नेमकं उलट हवं असे. कायदा साधा होता: शंभरी ओलांडलेली कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, शंभरीच्या आतली असेल तर तसा वयाचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावरचे कस्टमवाले ती ठेवून घेतात आणि मालकाला तेवढं पाठवून देतात. त्यामुळे पाहुण्यांसमोर जी मूर्ती ‘खापरपणजोबांच्या काळातली’ असे, ती या टेबलावर येताच ‘परवाच घेतली हो’ होऊन जाई. माणसं वय चोरतात हे तज्ज्ञाला ठाऊक होतं. पितळही चोरतं, हे त्याला नोकरीने शिकवलं.

त्या दिवशी पहिला अर्ज एका आजीबाईंचा होता. त्यांनी पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला वीतभर उंचीचा पितळी घोडा काढून टेबलावर ठेवला. मान किंचित डावीकडे वळलेली, पुढचा पाय उचललेला.

तज्ज्ञ खुर्चीतून पुढे वाकला. हा घोडा तो ओळखत होता. शहरातल्या संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात काचेच्या पेटीत अगदी असाच घोडा उभा होता, फक्त मान उजवीकडे वळवलेला. त्याला ‘साडेतीनशे वर्षांपूर्वीचा राजाश्व’ ठरवणारा शोध तज्ज्ञाचाच. घोड्याच्या पोटाखालच्या भोकातून दाताच्या डॉक्टरचा आरसा घालून त्याने आतले चार खिळे पाहिले होते. लोहचुंबक त्यांना चिकटेना, गंजाचा पत्ता नाही. म्हणून त्याने ते चांदीचे ठरवले. त्यांच्या टोकांवरच्या बारीक वळ्यांना ‘सर्पवलय’ असं नाव दिलं आणि त्यावर चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं. त्याच पुस्तकाने त्याला ही खुर्ची मिळवून दिली होती. कार्यालयात त्याच्या पाठीमागे त्याला ‘चांदीखिळे’ म्हणत. त्याला ते कौतुक वाटे.

“शुक्रवारचं विमान आहे, साहेब,” आजीबाई म्हणाल्या. “लेकीकडे कायमची चाललेय. घर विकलं, भांडी वाटली. एवढा एकच न्यायचाय.”

“आजी, ही वस्तू फार जुनी आहे,” तज्ज्ञ गंभीरपणे म्हणाला. “साडेतीनशे वर्षं. ही बाहेर जाणार नाही. उलट तिची नोंदणी करावी लागेल.”

“साडेतीनशे?” आजीबाईंनी घोड्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांच्यापासून काही लपवलं होतं. “अहो, मला अठ्ठ्याहत्तर लागलंय. याच्या पोटातली माती मी मळलीय. मग मी केवढी?”

कारकुनाला ठसका लागला. दाखल्यावर सही करणाऱ्या दोघांच्या समितीतल्या दुसऱ्या सभासद, दगडी शिल्पांवाल्या मॅडम, वर्तमानपत्र खाली ठेवून पुढे सरकल्या.

“कोणी ओतला हा?” मॅडमनी विचारलं.

“मामंजींनी. माझे सासरे. लेक झाली त्या वर्षी जोडी ओतली. मी ओली बाळंतीण, आणि मामंजी आपले म्हणतात, सूनबाई, माती मळायला हात मोकळे आहेत का? त्या लेकीला आता छप्पन्न संपलं.”

“पुरावा काय?” तज्ज्ञाचा आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. “असं कुणीही सांगेल. इथे सगळेच सांगतात.”

“खरंय,” मॅडम म्हणाल्या. “बोलण्यावर दाखला मिळत नाही. आत काय आहे ते बघा की. तुमचाच तर विषय आहे तो.”

आरसा आणि विजेरी आणली गेली. तज्ज्ञाने घोडा आडवा केला आणि पोटाच्या भोकात पाहिलं. चार खिळे होते. लोहचुंबक लावला, चिकटला नाही. टोकांवर सर्पवलयं होती. त्याच्या जिवात जीव आला.

“चांदी!” तो म्हणाला. “सर्पवलयासकट. शंकाच नाही.”

“चांदी कुठली डोंबलाची,” आजीबाई म्हणाल्या. “आमच्याकडे चांदी असती तर मामंजींनी ती घोड्याच्या पोटात घातली असती? सायकलचे स्पोक आहेत ते. स्टेनलेसचे. मातीच्या गोळ्यावर मेणाचा घोडा करायचा, वर पुन्हा माती; मेण वितळलं की आतला गोळा हलू नये म्हणून त्यात आरपार खिळे टोचतात. बाकीचे ओतारी लोखंडाचे टोचायचे, ते गंजून पितळावर डाग पडायचे. मामंजींची ही युक्ती. बाहेरचं टोक कापायचं, आटे आतच राहायचे.”

कारकून जागचा हलला नाही, पण हसू दाबताना त्याच्या मोटारसायकलची किल्ली खिशात वाजली. मॅडमनी आरसा घेतला, निवांत पाहिलं आणि म्हणाल्या, “आटेच आहेत. यंत्राचे. एकसारखे. माझ्या मुलाच्या सायकलला अस्सेच आहेत.”

“मॅडम, शंका असेल तर दाखला देऊ नये असा संकेत आहे,” तज्ज्ञ घाईने म्हणाला.

“शंका कुणाला आहे?”

तज्ज्ञाला होती, पण ती या घोड्याबद्दल नव्हती. तो अखेरचा बाण काढावा तसं म्हणाला, “जोडी ओतली म्हणता. मग दुसरा कुठाय?”

“तो एका व्यापाऱ्याने नेला. मीठ आणि नवसागराच्या खड्ड्यात सहा महिने पुरला म्हणे. वर काढला तेव्हा चांगला म्हातारा झाला होता. मामंजी इतके हसले! म्हणाले, माझं पोर माझ्याआधी पणजोबा झालं. पुढे कुणा शहाण्याला विकला असेल.”

त्या ‘शहाण्या’पाशी कारकुनाने खिडकीबाहेर पाहिलं. काचांवरून येणारं ऊन आता टेबलावर पोचलं होतं. घोडा त्यात नेहमीप्रमाणे दोनशे वर्षांनी म्हातारा दिसत होता. तज्ज्ञाने उठून दिवा लावला. पांढऱ्या उजेडात पितळ कोवळं दिसलं, आणि भोकाच्या काठाशी, भाजून कडक झालेल्या मातीत, कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा दिसला. लहानसा, बाईचा.

“नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, साहेब,” आजीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “म्हणजे मला त्याला कुणाकडे ठेवायचं ते बघता येईल. पण आता ठेवायला कुणी उरलं नाही.”

एक शेरा पुरेसा होता: ‘वय संशयास्पद’. घोडा इथेच राहिला असता, पुस्तकही राहिलं असतं. तज्ज्ञाने टोपण काढलेलं पेन बराच वेळ हातात धरलं. ठशावरची नजर त्याला काढता येईना.

“फोटो लावा,” तो अखेर कारकुनाला म्हणाला. “तीन प्रतींवर. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. विमानतळावर घोडा बदलला असं कुणी म्हणायला नको.”

मॅडमनी सही केली. तज्ज्ञाच्या सहीच्या जागेवर एक रकाना रिकामा होता: वस्तूचे अंदाजे वय. त्यात त्याने ‘छप्पन्न वर्षे’ असं वळणदार अक्षरात लिहिलं.

आजीबाईंनी घोडा लुगड्यात गुंडाळला, दाखला पदराला पुसल्यासारखा करून पिशवीत ठेवला आणि दारातून वळून म्हणाल्या, “दुसरा कधी दिसला तर सांगा हं. त्याची मान उजवीकडे आहे.”

“सांगतो,” तज्ज्ञ म्हणाला.

कारकुनाने पुढचा अर्ज ठेवला. तज्ज्ञाने तो उघडला नाही. त्याने टेबलाच्या खणातून आपलं पुस्तक काढलं, सर्पवलयाचं पान उघडलं आणि मोठ्या केलेल्या छायाचित्रातले आटे एकेक करून मोजले.

संग्रहालयातला घोडाही छप्पन्न वर्षांचा होता.