मस्काऱ्याचा टेस्टर

हडपसरच्या मॉलमध्ये मेकअपच्या काउंटरवर दिवसभर उभं राहून दीपमालाच्या पायांचे खांब व्हायचे. तोंडाचा पट्टा वेगळाच. मॅडम, लिपस्टिक ओठांना नको, मनगटावर लावून बघा. डबीत बोट नको, ही घ्या नवी काडी, वापरून टाकून द्या. मस्कारा डोळ्याला लावून मिळणार नाही. गिऱ्हाइकं नाक मुरडत आणि तिची पाठ वळली की लावतच, सुपरवायझर डोळे वटारी. तिला सगळ्यांचाच वीट आला होता.

गिऱ्हाइकांना लावून बघायला ठेवलेले जुने टेस्टर महिनाअखेरीला कचऱ्यात टाकायचे असा नियम होता. काउंटरवरच्या मुली ते पर्समध्ये टाकत. दीपमालाही टाकायची. होस्टेलच्या खोलीत तिच्या पिशवीवर मुली तुटून पडत, आणि तेवढा वेळ तरी आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटे. एरवी तिला कोण विचारत होतं!

त्या शुक्रवारी उत्कर्षानं पिशवीतून मस्कारा काढला. उत्कर्षा तिच्याबरोबरच वाशीमहून आलेली. सोमवारी तिची हॉटेलच्या रिसेप्शनसाठी मुलाखत होती. ही नोकरी हुकली तर वडील तिला गावी परत नेणार होते. त्यामुळे मेकअपची रंगीत तालीम हवी होती.

"क्लीन आहे ना गं हा?"

"स्पिरिट मारलंय."

खोटं नव्हतं. मारलं होतं, पण नळीला बाहेरून. कितीतरी पापण्यांवरून फिरून तोच ब्रश पुन्हा ओल्या नळीत बुडतो आणि आत स्पिरिट पोचत नाही, हे दीपमालाला चांगलं ठाऊक होतं. पण दिवसभर नाही नाही म्हणून ती थकली होती. घरी आल्यावरही नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

सोमवारी सकाळी उत्कर्षाचा उजवा डोळा पिवळ्या चिपडानं चिकटला होता. पापणी टम्म सुजलेली. डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले. मेकअप बंद, डोळ्याला लागलेलं सगळं फेकायचं, टॉवेल आणि उशी वेगळी. मुलाखतीची दुसरी तारीख मागितली तर हॉटेलवाले फोनवर म्हणाले, बघू, कळवतो. त्याचा अर्थ दोघींनाही कळला.

खोलीवर आल्यावर दीपमालानं अख्खी पिशवी कचऱ्यात उपडी केली.

"तुला माहीत होतं?" उत्कर्षानं विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

दीपमालाकडे उत्तर होतं, पण ते इतकं क्षुल्लक होतं की तिला ते सांगायची लाज वाटली. ती रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली.

उत्कर्षानं दोरीवरचा आपला टॉवेल ओढून स्वतःच्या पलंगावर टाकला.

"याला हात लावू नकोस," ती म्हणाली. "तुलाही होईल. उद्या तुला ड्यूटी आहे."