निमे साडेसदतीस

व्हौचर तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा कडावचे कुलकर्णी दत्तोपंत जेवायला बसले होते. तराळाने कागद ओट्यावर ठेवला आणि तो लगोलग पसार झाला, कारण मागच्या दोन खेपांना पंतांनी काय तमाशा केला होता तो त्याने पाहिला होता. पंतांनी उष्ट्या हातानेच घडी उलगडली. कडेला तांबड्या शाईत तेच चार शब्द होते: 'अंक अक्षर जुळत नाही.' खाली कर्जतच्या कचेरीतल्या नव्या कारकुनाची, माधवरावांची सही, शेपटीला दोन वेटोळी घातलेली.

"जुळत नाही! जुळत नाही!" पंत ताटावरूनच ओरडले. "अरे, काय जुळत नाही ते तरी सांग ना मेल्या!"

काम साधं होतं. गावच्या विहिरीला दगडी बांध घालायचं काम लोकल फंडातून मंजूर झालं होतं आणि ते गोमा पाथरवटाने घेतलं होतं. अर्धी विहीर बांधून झाली की पाऊणशे रुपये, बाकीचे काम संपल्यावर, असा करार. अर्धी विहीर बांधून झाली होती. पाटलाने दाखला दिला, पंतांनी व्हौचर लिहिलं आणि पंधरा दिवस झाले तरी गोमाच्या हातावर एक दिडकी पडली नव्हती. त्याचे चार गडी रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसून पंतांच्या घराकडे बघत. नेरळला डोंगरावर चढणाऱ्या गाडीचं काम निघालं होतं, तिथे दगड घडवणाऱ्याला म्हणे रोजच्या रोज रोकडा मिळत होता. शनिवारपर्यंत पैसे आले नाहीत तर आम्ही नेरळला जातो, असं गड्यांनी गोमाला तोंडावर सांगितलं होतं. आज शुक्रवार होता. विहिरीची वरची अर्धी बाजू अजून नुसती माती होती आणि मृगाला वीस दिवस उरले होते. पाऊस पडला की माती आत, आणि मातीबरोबर खालचा बांधही आत.

पंतांनी हात धुतले आणि पुन्हा तोच कागद वाचला. छापील फॉर्म होता, यंदापासूनच आलेला. 'अंकी रुपये' या जागी ७५ होते, चांगले ठसठशीत. 'अक्षरी रुपये' या जागी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: निमे साडेसदतीस यांची दुप्पट. आता पंच्याहत्तरचे निमे साडेसदतीस आणि साडेसदतीसची दुप्पट पंच्याहत्तर होते हे पाटीवर धुळाक्षरं गिरवणाऱ्या पोरालाही कळतं.  पहिल्या खेपेला त्यांना वाटलं, साडे कळलं नसेल या इंग्रजी शाळेच्या पोराला, म्हणून लिहिलं, 'निमे सदतीस रुपये आठ आणे यांची दुप्पट'. तेही परत आलं. मग चिडून पुन्हा पहिल्यासारखं लिहिलं, तर हे.

पहिला कागद परत आला त्या दिवशी गोमा ओट्याखाली उभा होता. तेव्हा तो म्हणाला होता, "पंत, मंग दोनी लिवा की."

"तू दगड फोड रे," पंत म्हणाले होते. "लिहायचं मला शिकवू नकोस."

शनिवारी दिवस उजाडायच्या आत पंत छत्री काखेत मारून कर्जतच्या वाटेला लागले. मागून गोमा, कारण पैसे त्याच्या अंगठ्यावर मिळायचे होते. वाटभर पंत एकटेच बोलत होते. कचेरीबद्दल बोलले, छापील फॉर्मांबद्दल बोलले, माधवरावांच्या सहीच्या वेटोळ्यांबद्दल तर पाव कोस बोलले. गोमा नुसता "व्हय पंत" म्हणत होता, आणि त्यानेही पंतांचा संताप वाढतच होता.

कचेरीत माधवराव बैठ्या मेजापुढे मांडी घालून बसले होते. विशी-बाविशीचा पोरगा, डोक्याला पगडीऐवजी टोपी. पुढ्यात व्हौचरांचा गठ्ठा. त्यांची कामाची रीत पंतांनी उभ्याउभ्याच पाहिली. एक कागद घ्यायचा, अंकावर डावा तळहात ठेवून तो झाकायचा, अक्षरं ओठांत पुटपुटायची, त्याचा अंक तांबड्या शाईने कडेला लिहायचा आणि मगच हात उचलायचा. "एकोणसाठ," पुटपुट, ५९. हात उचलला, ५९. बरोबरची खूण. "सव्वादोनशे," २२५. हात उचलला, २२५. खूण. रीत चोख होती, हे पंतांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्यामुळे ते आणखी भडकले.

"माधवराव, हा माझा कागद," ते म्हणाले. "माझ्यादेखत जुळवा."

माधवरावांनी अंक झाकला, पुटपुटले आणि कडेला लिहिलं, ३७॥. हात उचलला. "पाहा. अक्षरी साडेसदतीस, अंकी पंच्याहत्तर. जुळत नाही."

"आणि पुढचं 'यांची दुप्पट' काय तुमच्या तीर्थरूपांनी वाचायचं?"

"कुलकर्णी, मला अक्षरांचा अंक करायचा हुकूम आहे. गुणाकार करायचा नाही. उद्या कोणी तिप्पट लिहील, परवा त्रैराशिक घालील. अक्षरी म्हणजे अक्षरी. अंक आणि अक्षर यांत तफावत असेल तर कागद परत."

"आणि अंक अक्षर जुळलं म्हणजे कागद खरा?"

"अर्थात."

पंतांच्या कानशिलाची शीर उडू लागली. त्यांनी मेजावरचा एक कोरा फॉर्म ओढला आणि माधवरावांपुढे आपटला. "लिहा. एक रुपया. अंकी आणि अक्षरी. तुमच्या हाताने लिहा."

माधवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहिलं. १. एक.

पंतांनी त्यांच्याच हातातला बोरू घेतला. १ च्या डावीकडे ३ काढला. एक या शब्दाला चिकटून 'तीस' लिहिलं. वर वाळू टाकली, झटकली आणि कागद फिरवून दिला. "जुळवा."

हाताला सवयच अशी, की माधवरावांनी अंक झाकला, पुटपुटले "एकतीस", कडेला ३१ लिहिलं, हात उचलला. ३१. खूण करायला बोरू टेकला आणि तसाच राहिला.

"जुळलं की नाही?" पंत म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "माझ्या वडिलांनी असाच लिहिला होता. एक रुपया, चावडीच्या दिवाबत्तीचा. दोन्हीकडे जागा मोकळी सुटली. वाटेत कोणीतरी त्याचे एकतीस केले, आणि कचेरीने अंक अक्षर जुळवून पैसे मोजून दिले. चोर सापडला नाही. सही वडिलांची होती. वतन गेलं नाही एवढंच, पण माणूस मरेपर्यंत कचेरीची पायरी चढला नाही. कागद मीच नेऊन द्यायचा, बावीस वर्षांचा असल्यापासून. तेव्हापासून मी निमे लिहितो. एकाचे एकतीस करणाऱ्याला आठ आण्यांचे साडेपंधरा करता येत नाहीत, कळलं?"

 पंतांना वाटलं, पोराला उमगलं. डोळे भरून आलेले त्यांनी उपरण्याने टिपले.

माधवराव कागदाकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "पण हा कोरा फॉर्म वाया गेला. याचा हिशेब कोण देणार?"

पंतांनी दोन्ही हातांनी आपली पगडी धरली, जणू ती उडून जाईल.  आणि तेवढ्यात दारातून गोमा म्हणाला, "सायेब, दोनी लिवलं तर?"

"काय दोन्ही?" माधवरावांनी विचारलं.

"पुरं बी लिवा, निमं बी लिवा. वर तुमचं पाऊणशे, खाली पंतांचं निमं. कागुद तर रिकामाच हाय सगळा."

माधवरावांनी विचार केला. आत्तापर्यंत केला नसेल एवढा केला. "पाऊणशे म्हणजे शंभराला पाव कमी, पंच्याहत्तरच. पण अक्षरीच्या जागेत पंच्याहत्तर असं सरळ लिहा. खाली तुम्ही निमे लिहा नाहीतर रामरक्षा लिहा, माझी हरकत नाही."

पंतांनी लिहिलं. अंकी ७५. अक्षरी पंच्याहत्तर. खालच्या ओळीत, निमे साडेसदतीस यांची दुप्पट. माधवरावांनी अंक झाकला, पुटपुटले, ७५ लिहिलं, हात उचलला आणि खूण केली. सगळं मिळून पंत एक पान खाऊन थुंकतील एवढा वेळ लागला. मग पावतीवर एक आण्याचं तिकीट लागलं, त्यावर गोमाचा अंगठा उठला, आणि खजिन्यातून पंच्याहत्तर रुपये मोजून त्याच्या पदरात पडले.

कचेरीबाहेर येताना पंतांनी मागे वळून पाहिलं. माधवराव दुसरा कागद घेऊन बसले होते. अक्षरांचा अंक त्यांनी लिहिला, मग बोरू थांबला, आणि त्यांनी कागद उजेडाकडे धरून त्या शब्दाच्या दोन्ही बाजू नीट निरखल्या. 

परतीच्या वाटेवर पंत मनातल्या मनात मोजत चालले होते. पंधरा दिवस. तीन कागद. आणि पहिल्याच दिवशी या अंगठाबहाद्दराने ओट्याखालून सांगितलं होतं. माधवरावावर चिडावं तर त्याला निदान वरचा हुकूम होता. आपल्याला कोणाचा होता? मेलेल्या बापाचा. त्यानेही कधी सांगितलं नव्हतं, की दुसरं काही लिहू नकोस म्हणून.

उन्हं कलताना ते कडावला पोचले. विहिरीच्या काठावर दोनच गडी बसलेले होते. बाकी दोघांच्या छिन्न्या नव्हत्या, हातोडे नव्हते, कांबळीही नव्हती. पहाटे पंतांची छत्री वळणाआड गेली आणि ते नेरळच्या वाटेला लागले, असं राहिलेल्यांपैकी एकाने सांगितलं. पंत पैसे आणतील यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

गोमाने कनवटीचे रुपये सोडले, त्या दोघांची मजुरी मोजून दिली आणि विहिरीत डोकावून पाहिलं. वरची माती एका जागी आधीच ढासळू लागली होती.

"माझं चुकलं, गोमा," पंत म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडून कडावात कोणी ऐकलेलं नव्हतं. "तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस."

गोमा वळला. पंधरा दिवसांत त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला.

"चार व्हते, पंत. दोन ऱ्हायलं. हे बगा तुमचं निमं. आता करा याची दुप्पट!"

 पंत घराच्या पायऱ्याही चढले नाहीत. गोमाकडून त्यांनी गेलेल्या दोघांची मजुरी मोजून मागून घेतली, उपरण्याच्या गाठीत बांधली, काखेतली छत्री दुसऱ्या काखेत घेतली आणि तसेच उपाशी नेरळच्या वाटेला लागले.