तिसरी शिफारस

तपासणी येणार असं कळल्यावर आमच्या हेडसरांनी पहिलं काम काय केलं, तर रॅम्प रंगवून घेतला. रॅम्पची अडचण रंगाची नव्हतीच. तो इतका चढा होता की त्यावरून रिकामं कपाट उतरवतानाही शिपाईमामा घामाघूम व्हायचे. पण हेडसर म्हणजे पाहुणे यायच्या आधी चादर बदलणारे गृहस्थ. चादरीखालची गादी फाटकी असली तरी त्यांना शांत झोप लागते.

तपासणी कसली, तर आपली शाळा सगळ्या मुलांची आहे का याची. ज्याला चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू कमी येतं, जो सावकाश शिकतो, त्यालाही ती शिकवते का? आधी इमारत, मग वर्गखोल्या, मग प्रत्यक्ष शिकवणं, असे तिचे तीन भाग होते. हेडसरांनी आम्हा शिक्षकांना बजावून ठेवलं होतं, "हसतमुख राहा." मी म्हटलं, प्रयत्न करते.

माझा जीव मात्र वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. माझ्या शेजारच्या वर्गावर, वयाने मोठ्या म्हणून सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणायचे, त्या होत्या, आणि मोठ्या बाईंना ऐकू येत नव्हतं. एक कान पूर्ण गेलेला, दुसऱ्यात जवळून बोललेलं थोडंफार शिरायचं. बाकी सगळं त्या ओठांवरून वाचायच्या. कानाचं मशीन होतं, पण ते शाळेच्या फाटकाशी काढून पर्समध्ये जायचं. शाळेत हे फक्त मला ठाऊक होतं. घंटा झाली की मी त्यांच्या दाराशी जाऊन उगाच चष्मा पुसायची. त्या मला बघायच्या आणि तास संपवायच्या.

लपवायचं कारण होतं. आमच्या चित्रकलेच्या सरांची नजर अधू झाली तेव्हा हेडसरांनी "तुमच्या सोयीसाठी" म्हणून त्यांना वर्गातून उचललं आणि भांडारखोलीत खडू मोजायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांना वर्ग मिळाला नाही. "मला खडू मोजायचे नाहीत," मोठ्या बाई म्हणायच्या. "आणि चिमणीला पुढच्या शाळेत पोचवल्याशिवाय तर मुळीच नाही."

चिमणी त्यांच्या वर्गातली मुलगी. दोन्ही कानांना मशीन. आधीच्या शाळेने तिला शेवटच्या बाकावर बसवून मठ्ठ ठरवलं होतं. बाईंच्या वर्गात आल्यावर ही मठ्ठ मुलगी इतकी बोलायला लागली की मधल्या सुट्टीत तिला गप्प करायला मला भिंतीपलीकडून यावं लागायचं.

बाईंचा वर्गच तसा होता. त्या फळ्याकडे तोंड करून कधी बोलत नसत. आधी लिहायच्या, मग वळायच्या, मग बोलायच्या. खिडकीला पाठ करून उभ्या राहत नसत, कारण मागून उजेड आला की चेहऱ्यावर अंधार होतो आणि ओठ दिसत नाहीत. बाकं अर्धगोल मांडलेली, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसावं. एका वेळी एकानेच बोलायचं. आणि कुणी कानामागे तळहात धरला, की त्याचा अर्थ "मला कळलं नाही, पुन्हा सांगा". खूण कुणीही करावी, कुणीही हसू नये, आणि बोलणाऱ्याने त्याच्याकडे बघून पुन्हा सांगावं. सगळ्यात जास्त वेळा ही खूण बाईच करायच्या. मुलांना वाटायचं, चिमणीला सवय व्हावी म्हणून करतात. ते निम्मं खरंही होतं.

तपासणीला दोघं आली. एक इंजिनिअर, ज्यांना मुलांनी येता क्षणी "टेपवाले" करून टाकलं, आणि एक तपासनीस बाई. टेपवाल्यांनी दारांची रुंदी मोजली, नळांची उंची मोजली. रॅम्पपाशी ते बराच वेळ वाकून बसले. "एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते. तुमची निम्मीही नाही. रंग छान आहे," म्हणाले. व्हीलचेअरच्या मुलांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. मामांनी ते उघडलं तर आत खेळाच्या चटया आणि मोडकी बाकं. मग हॉलमध्ये टेपवाल्यांनी एक टाळी वाजवली आणि ती चारही भिंतींना आपटून विरेपर्यंत नुसते ऐकत उभे राहिले.

तपासनीस बाई प्रत्येक वर्गात मागे बसल्या. शून्य, एक किंवा दोन असे गुण, आणि प्रत्येक गुणापुढे प्रत्यक्ष काय दिसलं त्याची नोंद. मुलांशी त्या आम्हाला बाहेर पाठवून बोलल्या. बाई हुशार होत्या आणि मनानेही चांगल्या, हे मला आजही म्हणावंच लागतं.

त्यांच्या यादीत एक प्रश्न शिक्षकांबद्दलही होता. कुणा शिक्षकाला अपंगत्व आहे का, असेल तर शाळा काय मदत करते? हेडसरांनी भर शिक्षकखोलीत छाती पुढे काढून उत्तर दिलं, "आमच्याकडे सगळे ठणठणीत!"

"हे एकेकट्याला विचारायचं असतं, सर," तपासनीस बाई म्हणाल्या. पण तोवर सगळे हसले होते. सगळे हसताहेत हे बघून मोठ्या बाईही हसल्या. नंतर त्यांना एकटीला विचारलं गेलं तेव्हा त्या "काही नाही हो" म्हणून मोकळ्या झाल्या.

अहवाल पक्का होण्याआधी तो शाळेला वाचून दाखवतात, काही चुकीचं असेल तर सांगता यावं म्हणून. तपासनीस बाईंनी शिफारशी क्रमाने वाचल्या. क्रम खर्चाचा नव्हता, सोयीचाही नव्हता. कशामुळे मूल शाळेबाहेर राहतं किंवा धोक्यात येतं, ते सगळ्यात वर. प्रत्येकीपुढे कुणी करायचं आणि कधीपर्यंत. पहिली शिफारस स्वच्छतागृह रिकामं करून धरायला दांडे बसवण्याची. दुसरी आवाजाची: बाकांच्या पायांना रबर, खिडक्यांना जाड पडदे, आणि हॉलचा घुमणारा आवाज कमी होईपर्यंत तिथे कुठलंही शिकवणं घ्यायचं नाही. तिसरी ऐकली आणि मी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंची पद्धत सगळ्या शिक्षकांनी शिकावी, बाईंनी त्यांच्याच वर्गात, थोड्या थोड्या शिक्षकांना पाठ दाखवावा. शिकवण्याच्या भागात बाईंना सगळीकडे दोन गुण होते. नव्या रॅम्पचा क्रमांक त्यानंतर होता, हेडसरांचा चेहरा पडला तो तेवढ्यासाठी.

"त्यांच्यामागे आधीच खूप कामं आहेत," मी मध्ये पडले.

"ही नम्रता, बघा!" हेडसर म्हणाले. नम्र मी होते की मोठ्या बाई, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तपासनीस बाई जाताना म्हणाल्या, "क्रम मात्र मोडू नका, सर. एकावर एक अवलंबून आहे."

क्रम मोडला. पहिल्या शिफारशीला प्लंबर लागत होता, दुसरीला पडदेवाला. तिसरीला फक्त मोठ्या बाई लागत होत्या, आणि त्या फुकट होत्या. हेडसरांनी आसपासच्या शाळांना निमंत्रणं धाडली आणि पाठ ठेवला हॉलमध्ये, कारण फोटो तिथे चांगले येतात.

"सर, हॉलचं काम आधी करायला सांगितलंय," मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं.

"अहो, पडदे काय पळून चाललेत?"

मोठ्या बाईंना मी म्हटलं, "आजारी पडा. सरळ रजा टाका."

"मग ते दुसरी तारीख काढतील," त्या म्हणाल्या. "घाबरू नको गं. मुलं माझी आहेत. मुलं असली की मी पडत नाही."

पाठ सुरेख झाला. मुलं पुढे अर्धगोलात बसलेली, एकेक उठून बोलणारी. शिक्षक वह्या काढून लिहून घेत होते. माझाही जीव भांड्यात पडायला लागला होता. मग हेडसर उठले आणि म्हणाले, "आता पाहुण्यांनी प्रश्न विचारावेत."

मागच्या रांगेतून एका सरांनी मानही वर न करता विचारलं, की वर्ग मोठा असेल तर हे कसं जमवायचं? पंखे गरगरत होते, शब्द भिंतींना आपटत होते. मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "हो, चित्रं मी स्वतःच काढते." कुणीतरी खुदकन हसलं. त्या सरांनी पुन्हा विचारलं. बाई म्हणाल्या, "आभारी आहे." आता बरेच जण हसले. मी उठून पुढे जायला निघाले, पण रांगेत गुडघ्यांना गुडघे लागलेले, मला वाट मिळेना. हेडसर बाईंच्या मागून "बाई, बाई" म्हणत होते आणि बाई वळत नव्हत्या. त्या हसणाऱ्या चेहऱ्यांवर एकामागून एक नजर फिरवत होत्या, कुठून काय आलं ते शोधत.

तेव्हा चिमणी उठली. बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पाहुण्यांकडे तोंड केलं आणि आपल्या कानामागे तळहात धरला. मग दुसऱ्या हाताचं बोट बाईंकडे दाखवून, वर्गात शिकवलं होतं तसं स्पष्ट, खणखणीत म्हणाली, "बाईंना ऐकू आलं नाही. त्यांच्याकडे बघून पुन्हा सांगा."

हसणं थांबलं. सगळ्यांना कळलं. बाईंनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. त्या पोरीचं काही एक चुकलं नव्हतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये शिफारस समजलेली ती एकटीच होती.

त्याच आठवड्यात "तुमच्या सोयीसाठी" हे शब्द पुन्हा निघाले. मोठ्या बाईंची रवानगी ग्रंथालयात झाली, जिथे पुस्तकांची तीन कपाटं आहेत आणि मुलांना तास नाही. मी भांडले. तावातावाने भांडले. हेडसर म्हणाले, "पालक काय म्हणतील?" पालक तोवर काहीच म्हणाले नव्हते. मोठ्या बाई आता मशीन दिवसभर लावतात, पण ऐकण्यासारखं तिथे असतं काय?

पुढच्या सत्रात तपासनीस बाई पाहणीला आल्या. हेडसरांनी हॉलमधले फोटो दाखवले. तिसऱ्या शिफारशीपुढे "पूर्ण" लिहिलेलं होतं. चटया अजून स्वच्छतागृहातच होत्या. "त्या बाई कुठे आहेत?" तपासनीस बाईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकून त्या खुर्चीवर बसल्या. मग पेन काढून त्यांनी नवी पहिली शिफारस लिहिली, बाईंना मशीनसकट, मदतीसकट वर्गावर परत घ्या. ती व्यवस्थापनाच्या बैठकीत जाईल. बैठक वर्ष संपताना असते, आणि तोवर चिमणी पुढच्या शाळेत गेलेली असेल.

त्यांच्याबरोबर मी चिमणीच्या वर्गात गेले. बाकं पुन्हा सरळ रांगांत होती. नव्या बाई फळ्याशी बोलत होत्या. चिमणी मागून दुसऱ्या बाकावर, खिडकीबाहेर बघत होती.

"हिला समजतं का सगळं?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"अगदी! सुरुवातीला सारखी कानामागे हात धरायची," नव्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "आता अजिबात नाही. फार शहाणी मुलगी."

मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात गेले. मोठ्या बाई पुस्तकांना कव्हर घालत होत्या. नवी शिफारस मी त्यांना सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "चिमणी कशी आहे गं?"

त्यांच्याशी मी नेहमी समोर उभी राहून, सावकाश बोलते. त्या वेळी मला ते जमलं नाही. मी कपाटाकडे तोंड फिरवलं आणि हळूच म्हटलं, "ती आता खूण करत नाही, बाई." मग डोळे पुसून वळले आणि नीट ओठ हलवत म्हटलं, "मजेत आहे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हातातलं पुस्तक खाली ठेवून त्यांनी कानामागे तळहात धरला.