मुन्शीजींचा मीम

माझ्या हातून एक अक्षर खरवडलं गेलं. मुगाच्या दाण्याहून लहान. त्यापायी मुन्शी शरफोद्दीन यांची लेखणी सुटली. म्हातारपणी मुन्शीजींचा हात चुकला, असं सगळं जालना म्हणत होतं. ते खोटं आहे हे तिघांना ठाऊक होतं. तिघेही गप्प बसले. त्या तिघांत एकच भला माणूस होता, आणि तो मी नव्हतो.

जालन्यातल्या कादराबादेत वहीदोद्दीन मालकांचा दगडी छापखाना होता. मी टेंभुर्णीचा बद्रीनाथ, उर्दूत चार बुकं शिकलेला, तिथं दगड घोटायला होतो. मुन्शीजी पिवळ्या कागदावर चिकट शाईनं लिहीत. तो कागद दगडावर दाबला की अक्षरं उलटी होऊन दगडावर उतरत आणि कागद वाया जाई. मग एक कच्चा ताव काढायचा, त्यात दिसतील ते शाईचे डाग दगडावरून खरवडायचे आणि दुसरा ताव तपासायला द्यायचा. कच्चा ताव कुराणाचा असला तर मुन्शीजी तो घडी करून घरी नेत. अल्लाचा कलाम केरात जाऊ नये म्हणून.

कुराणाच्या ओळींवर ते कुठं थांबायचं ते सांगणाऱ्या एकेका अक्षराच्या बारीक खुणा काढत. मी चेष्टा करायचो, "मुन्शीजी, ओळीवर माश्या कशाला बसवून राह्यले?"

"माश्या न्हाईत बाबा, लगाम हायेत," ते म्हणायचे. "ही तोय दिसली की थांब. जीम असला तर थांब न्हाई तर जा, तुझी मर्जी. ला लिहिलं तिथं थांबू नको. दम तुटलाच, तर दोन शब्द मागं ये अन् जोडून घेऊन पुढं जा. कुठूनबी सुरुवात केली असं चालत न्हाई."

"अन् हा मीम?"

"तिथं थांबायलाच पाहिजे. पुढचं वाक्य नव्या दमानं." आणि त्यांनी कुराणातल्या यासीन या अध्यायामधली जागा दाखवली. "इथं अल्ला रसुलाला, पैगंबराला, सांगतो, तुला न मानणाऱ्या लोकांच्या बोलण्याचं दुःख करू नको. बस, मीम. मंग म्हणतो, ते काय लपवतात अन् काय उघड करतात ते आम्हाला ठाऊक हाय. न थांबता वाचलं तर ऐकणाऱ्याला वाटंल, हे दुसरं बोलणंबी त्या लोकांचंच हाय. अल्लाचं बोल दुश्मनाच्या तोंडी जाईल."

मी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात एका जहागीरदारांच्या आईच्या मौतीचा चाळीसवा दिवस होता. यासीनच्या पाचशे पुस्तिका चार दिवसांत हव्या होत्या. कुराणाच्या दगडाला वजू केलेल्या, नमाजाआधीसारखे हातपाय धुतलेल्या, मुसलमान कारागिरानंच हात लावायचा, असा छापखान्याचा नियम. तो कारागीर तापानं फणफणलेला. मालकांनी मला बाजूला घेतलं.

"हात धुऊन घे अन् डाग तेवढे साफ कर. जल्दी. अन् कुनाला सांगू नको."

मला काय, हुकूम तो हुकूम. एका पानावर शाई बरीच उडाली होती. चाकूच्या टोकानं मी एकेक ठिपका उडवत गेलो. उलट्या अक्षरांतली ती बारीक गाठ मला ठिपकाच वाटली. दगड आरशासारखा साफ झाला. मला त्या कामाचा अभिमानसुद्धा वाटला!

तपासणी रीतीप्रमाणे झाली. तपासणीला येणारे हाफिजसाहेब नवा ताव समोर धरून मोठ्यानं वाचत, आणि मुन्शीजी ज्यावरून लिहिलं त्या जुन्या प्रतीवर बोट ठेवून ऐकत. हाफिजसाहेबांना सगळं तोंडपाठ. मीम नसलेल्या जागीही ते बराबर थांबले, कारण साठ वर्षं ते तिथंच थांबत आले होते. मुन्शीजींच्या बोटाखाली जुन्या प्रतीत मीम होता, कानांनी थांबणं ऐकलं, बोट पुढं सरकलं. दोघांनाही इतकं येत होतं की कागद कुणी पाहिलाच नाही.

पुस्तिका वाटल्या गेल्या. त्यातल्या काही आष्टीच्या मक्तबात, पोरांच्या कुराणशाळेत, पोचल्या. दोन महिन्यांनी तिथले मौलवी पुस्तिका हातात घेऊन छापखान्यात आले, रागानं लाल. चार लोकांपुढं एका पोरीनं यासीन वाचली आणि त्या जागी न थांबता सरळ पुढं गेली. मौलवींनी तिच्या थोबाडीत दिली. पोर रडत म्हणाली, इथं थांबा म्हणून कुठं लिहिलंय? त्यांनी पुस्तिका पाहिली. खरंच लिहिलेलं नव्हतं.

गर्दी जमली. मालकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मग मुन्शीजींकडं बोट केलं.

"म्हाताऱ्याची नजर गेली. मीच ठेवून घेतला, माझी चूक."

मुन्शीजी उभे राहिले. "मी मीम लिहिल्ता," एवढंच म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या हातांवर आली. माझ्या नखांत अजून दगडाची भुकटी होती. ते दिवस कसे होते ते काय सांगू. रझाकार रस्त्यानं भाले घेऊन हिंडत होते. हिंदूनं कुराणाचा दगड खरवडला, एवढं वाक्य दारात कुणी बोललं असतं तर मी टेंभुर्णीला परत गेलो नसतो. मुन्शीजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "राह्यला असंल. वय झालं."

त्याच दिवशी त्यांना काढलं. पुस्तिका शोधून परत आणल्या, मीम हातानं घातला. मुन्शीजींना कुराण लिहायला पुन्हा कुणी दिलं नाही. चाळीस वर्षांचा हात! ते कचेरीपुढं पोतं अंथरून लोकांचे अर्ज लिहू लागले.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बस म्हटलं नाही. पेटीतून घडी केलेला ताव काढला आणि माझ्यापुढं उघडला. तोच कच्चा ताव. शाईचे शिंतोडे, आणि त्यांच्या मधोमध ओळीवर तो मीम, काळा, स्वच्छ.

"हे त्या दिशी घरातच व्हतं," ते म्हणाले. "दाखवलं असतं, तर मीम कुठं गेला म्हणून लोकांनी इचारलं असतं. मंग तुझा मुडदा पडला असता."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"ऱ्हाऊ दे. तुला वाचवलं, माफ न्हाई केलं. दगडाचं सांगू नको, ठीक. पन मुन्शीची चूक न्हाई, एवढं तरी बोलला असता. त्यानं तुला कोन मारत व्हतं? कुठं थांबू नये ते तुला मीच शिकवल्तं."

मी तसाच निघून आलो.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. आता मला कुणाची भीती नव्हती. मालक तर मलाच वाकून 'बद्रीनाथजी' म्हणू लागले होते. मी ठरवलं, कचेरीपुढं भर गर्दीत उभं राहून सांगायचं. चाकू माझा, हुकूम मालकांचा, मुन्शीजींचा मीम जागेवर होता.

कचेरीपुढं पोतं नव्हतं. घराला कुलूप होतं. शेजारच्या साळूबाईनं सांगितलं, "गेले की. फौज आल्यावर भ्यायल्ते लई. कुठं गेले कुनाला ठावं. जाताना तुमच्यासाठी कायतरी ठिवलंय."

तिनं आतून तो ताव आणून दिला. घडी तशीच होती. वर चिठ्ठी नाही, नाव नाही.

तो कागद आजही माझ्या पेटीत आहे. माझ्या मुलांना तो वाचता येत नाही. मी बोट ठेवून त्यांना तो मीम दाखवतो, तेव्हा ती म्हणतात, बाबा, हा तर शाईचा डाग आहे.