चौथा बाण

ऑफिसात सगळेच तिला वहिनी म्हणायचे, आणि त्याचं खापर बारकीवर फोडायला हरकत नव्हती. बारकी म्हणजे तिची सख्खी नणंद. पहिल्याच दिवशी भर मीटिंगमध्ये ती "वहिनी, हे बघ ना" म्हणाली, आणि दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला आयती वहिनी मिळाली. टीमची लीड असलेल्या बाईला हे शोभतं का, असं वहिनीने घरी येऊन नवऱ्याला विचारलं. नवरा पोट धरून हसला, म्हणजे तिथूनही मदत नव्हती.

तिनेच बारकीला या कंपनीत चिकटवलं होतं. चाचणी विभागात, वर्षभराच्या करारावर. करार संपला की कायम करायचं की घरी पाठवायचं, हे कामकाज बघणारे साहेब ठरवणार होते. बारकीला ही नोकरी हवी होती. आधीच्या दोन ठिकाणी टाळं लागलं होतं, आणि आता तरी कुठेतरी बूड टेकावं एवढंच तिचं म्हणणं होतं.

कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कोणत्या पेशंटला कोणतं मशीन, कोणत्या वेळी, हे केंद्राच्या काउंटरवरची माणसं त्यात नोंदवायची. नवा कोड केंद्रांपर्यंत कसा पोचतो याचं चित्र बारकीने मीटिंगच्या खोलीतल्या काचेवर काढलं होतं. डावीकडे बिल्डचा चौकोन, म्हणजे कोड गोळा करून त्याचा चालणारा प्रोग्रॅम होतो ती जागा. त्यातून चार फाटे फुटायचे, एकाच वेळी चालणाऱ्या चार तपासण्या. कोड नीटनेटका आहे का, त्याचे सुटे भाग चालतात का, कुठे सुरक्षेचं भगदाड आहे का, आणि चौथी बारकीची स्वतःची. दोन काउंटरनी एकाच क्षणी एकच मशीन मागितलं तर ते एकालाच मिळतं का, हे ती बघायची. चारही फाट्यांचे बाण एका फाटकापाशी येऊन थांबायचे. फाटकावर साहेब. चारही हिरवे झाले की त्यांच्या स्क्रीनवर मंजुरीचं बटण उमटणार, ते दाबलं की कोड केंद्रांवर चढणार. एक जरी लाल झाला तरी बटण उमटायचंच नाही. चित्र इतकं सुबक होतं की साहेब पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवायचे, जसं काही त्यांनीच काढलंय.

घोडं अडलं ते चौथ्या बाणापाशी. पहिल्या तीन तपासण्या चहा होईस्तोवर उरकायच्या. बारकीची रेंगाळायची, कारण तिला चाचणीपुरता एक वेगळा डेटाबेस उभा करावा लागायचा. तो कधीकधी वेळेत उठायचाच नाही. मग चाचणी कंटाळून लाल व्हायची. कोडमध्ये खोट नसायची, तरी सगळं ठप्प. पुन्हा चालवली की हिरवी. टीममधली पोरं तिला लहरी म्हणायला लागली, आणि लवकरच लाल दिसलं की जो तो कारण न वाचताच पुन्हा चालवायचं बटण दाबायला लागला. बारकीने वहिनीकडे एक आठवडा मागितला. "डेटाबेस पूर्ण उठेपर्यंत थांबायला शिकवते तिला," ती म्हणाली, "मग कटकट संपेल." वहिनीने पुढच्या आठवड्यात बघू म्हणून सांगितलं. वहिनीच्या पुढच्या आठवड्यांची रांग लागली होती.

अशातच एका मोठ्या ग्राहकाला काही दुरुस्त्या तातडीने हव्या होत्या, आणि चाचणी सकाळपासून दर वेळी लाल. वहिनीने पाइपलाइनच्या, म्हणजे या सगळ्या तपासण्या चालवणाऱ्या, फाइलमध्ये त्या चाचणीखाली एक ओळ घातली, ही नापास झाली तरी चालेल. तेवढ्याने लालचा नारंगी झाला. नारंगी म्हणजे नुसता इशारा, अडवणूक नाही. फाटक उघडलं, साहेबांनी बटण दाबलं, ग्राहक खूश. बारकीच्या ते लगेच लक्षात आलं, कारण स्वतःच्या चाचणीचा रंग ती विसरणार नव्हती.

"वहिनी, हे दोन दिवसांपुरतंच ना?" तिने विचारलं.

"अगं, दोनच दिवस."

काचेवरचं चित्र मात्र तसंच राहिलं. चार बाण, एक फाटक. दोन दिवसांसाठी कशाला पुसायचं?

ती ओळ नंतर कोणी काढली नाही, हे सांगायला नकोच. अशा ओळी मुक्कामालाच येतात. रोज नारंगी दिसायचं, रोज साहेब बटण दाबायचे. मग टीममधल्या एकाने मशीनची यादी झटपट उघडावी म्हणून कोडमध्ये बदल केला, आणि त्या नादात नोंद होताना मशीनला लागणारं कुलूप, म्हणजे एकाला दिलेलं मशीन दुसऱ्याला न देण्याची सोय, गळालं. बारकीची चाचणी त्या दिवशी नापास झाली, आणि या वेळी डेटाबेस व्यवस्थित उठला होता. दोन काउंटर, एक मशीन, दोघांनाही होकार. ती जे ओरडून सांगायला लिहिली होती, तेच ती सांगत होती. पण रंग नेहमीचाच नारंगी. कोणी उघडून वाचलं नाही. बारकी त्या दिवशी रजेवर होती, बाबांना, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. साहेबांनी बटण दाबलं.

दोन दिवसांनी एका केंद्रावर एकाच मशीनसाठी दोन पेशंट समोरासमोर उभे राहिले. एकाला बसवलं, दुसऱ्याला परत पाठवलं. परत गेले ते आजोबा लांबून आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. ते वाचले. ही बातमी येईपर्यंत ऑफिसात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मग काचेच्या खोलीत मीटिंग झाली. साहेब त्या सुबक चित्रापुढे उभे राहिले आणि त्यांनी चौथ्या बाणावर बोट ठेवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"या चित्राप्रमाणे लाल कोड इथून पुढे जाऊच शकत नाही. मग गेला कसा? ही चौथी चाचणी कोणाची?"

"माझी," बारकी म्हणाली.

"त्या दिवशी ती नापास झाली होती?"

"झाली होती."

"मग फाटक उघडलं कसं?"

बारकी थांबली. उत्तर तिला ठाऊक होतं, तिने दिलं नाही. तिने वहिनीकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, तुझं वाक्य आहे, तू बोल, एवढंच होतं. वहिनीच्या जिभेवर शब्द आलेही होते. पण खोलीत अख्खी टीम होती, आणि ग्राहकाचा माणूस फोनवरून ऐकत होता. नंतर साहेबांना एकटं गाठून सांगू, असं तिने ठरवलं आणि हातातल्या कपाकडे बघत बसली. आयुष्यभर तिने हेच केलं होतं, अवघड गोष्ट नंतरवर ढकलायची. फक्त आजवर त्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली नव्हती.

शेवटी बारकीच बोलली. चाचणी मधूनमधून उगाच लाल व्हायची, म्हणून तिचं लाल अडवत नव्हतं, असं म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. ती सूट कोणी दिली ते मात्र तिने सांगितलं नाही, आणि साहेब साहजिकच धरून चालले की ज्याची चाचणी, त्यानेच ती सैल सोडली. ग्राहकाला तसंच लिहून गेलं. बारकीचा करार पुढे वाढवला नाही.

वहिनीने त्याच संध्याकाळी ती ओळ काढली. बारकीला कधी न दिलेला आठवडाही तिने स्वतः खर्च केला आणि चाचणीला डेटाबेसची वाट बघायला शिकवलं. काम सोपं होतं. इतकं सोपं होतं याचंच तिला रडू आलं. चौथा बाण आता खरोखर अडवत होता, पण साहेबांना सांगायचं मात्र राहतच गेलं. आज ते बाहेरगावी, उद्या त्यांच्या खोलीत कोणी बसलेलं.

घरी बारकीने कोणाला काही सांगितलं नव्हतं. कामात चूक झाली म्हणाली, बस. एकदा जेवताना बाबा म्हणाले, वहिनीने एवढा शब्द टाकून लावलं, तुला टिकवता आलं नाही पोरी. बारकीने मान खाली घालून आमटी वाढून घेतली. वहिनी अर्ध्या ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅगही न ठेवता साहेबांच्या खोलीत शिरली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तो नारंगी मलाही दिसायचा. मला वाटायचं, ठीक असेल, लीडने बघितलं असेल." पुढे त्यांनी सांगितलं की बारकीच्या जागेवर नवा माणूस घेतलाय आणि ग्राहकाला गेलेलं पत्र आता फिरवता येणार नाही. तेव्हाच बोलला असतात तर वेगळं काही करता आलं असतं, असंही म्हणाले. फाटकावर बसणाऱ्या माणसाने हे म्हणावं, पण वहिनीला त्यांच्यावर रागवायची सोय नव्हती.

ती घरी आली तेव्हा बारकी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं, पगार कमी, करार सहा महिन्यांचा. वहिनी बादलीशेजारी उभी राहिली.

"मी साहेबांना सांगितलं. ओळ मी घातली होती म्हणून."

बारकीने टॉवेल झटकला. "मीटिंगमध्ये मी थांबले होते, तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मला नक्की वाटलं होतं तू बोलशील. मग माझी नोकरी गेली असती तरी चाललं असतं गं मला." ती पुढचा कपडा पिळत राहिली. मग तिने विचारलं, "आज सांगितलंस ते माझ्यासाठी, की तुला राहवेना म्हणून?"

वहिनीला खोटं बोलता आलं असतं, आणि ते प्रेमाचंच खोटं झालं असतं. "मला राहवेना म्हणून," ती म्हणाली.

"बरं," बारकी म्हणाली. "ते चिमटे दे इकडे."

दोघींनी मिळून उरलेले कपडे वाळत घातले. त्याच रात्री वहिनीने बाबांना आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. बाबा उठून बारकीच्या खोलीत गेले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून आले. आठवड्याने ती गेली. नवरा स्टेशनवर सोडायला गेला.

आता बारकी दर रविवारी फोन करते. दादाशी बोलते, बाबांच्या डोळ्यांची चौकशी करते, नव्या ऑफिसातल्या गमती सांगून त्यांना हसवते. फोन ठेवण्याआधी वहिनी कशी आहे, असंही न चुकता विचारते. वहिनी तिथेच शेजारी बसलेली असते. विचारते ते दादाला.